पाणी येतं त्या दिवशी: खानापूर तालुक्यातल्या एका घरातल्या बादलीचं प्रकरण

हे घर खानापूर तालुक्यातल्या एका गावातलं. गावाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे बारकावे काढून टाकलेत. घरच्यांनी हे लिहायला परवानगी दिली तेव्हा आजीची एकच अट होती: "सुनंचं नाव वाईट व्हायला नको." मी या भागात लहान मुलांच्या आरोग्याचं काम करते. या घरातला नुकता चालायला लागलेला मुलगा बादलीतल्या पाण्यात बुडता बुडता वाचला. त्या घटनेनंतर आठव्या दिवशी त्या घरी पहिल्यांदा गेले आणि पुढं दीड वर्ष जात राहिले. त्या सकाळचं जे लिहिलंय ते घरच्यांकडून ऐकलेलं आहे, पुढचं माझ्या डोळ्यांसमोरचं.

## पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर हा पावसाचा तालुका. मलप्रभा इथंच कणकुंबीला उगम पावते. तरीही घराघरांत पाणी साठवल्याशिवाय भागत नाही, कारण नळ रोज येत नाही. या गावात तेव्हा पाचव्या दिवशी, पहाटे साडेसहाच्या सुमाराला, दीड-दोन तास पाणी यायचं. त्या दोन तासांत घरातलं जे जे पाणी धरू शकतं ते सगळं भरून घ्यायचं, अशी रीत. जमिनीतली टाकी म्हणजे संप, निळी पिंपं, बादल्या, हंडे, कपड्यांचा टब, म्हशींची डोण.

घरात आठ माणसं. आजी-आजोबा, थोरला मुलगा शेतीवर, धाकटा बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत पहिल्या पाळीला, दोन सुना, थोरल्याची आठ वर्षांची मुलगी आणि धाकट्याचा मुलगा. मुलगा तेरा महिन्यांचा होता. घटनेच्या आधी तीनच आठवडे तो चालायला लागला होता. ही तीन आठवड्यांची गोष्ट महत्त्वाची आहे. रांगणारं मूल कुठपर्यंत जातं हे घराला ठाऊक झालेलं असतं. चालायला लागलं की तो हिशेब एका रात्रीत खोटा ठरतो, आणि घराच्या सवयी मात्र रांगत्या मुलाच्याच राहतात.

न्हाणी घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघरातून दोन पायऱ्या उतरून. पत्र्याचं दार, खाली गंजून वीतभर उघडं पडलेलं. दार दिवसभर सताड उघडं ठेवायची पद्धत, नाहीतर न्हाणी वाळत नाही आणि शेवाळ धरतं. न्हाणीला लागून संप, सहा फूट खोल, तोंड दोन फूट बाय दोन फूट. त्यावर शहाबादी फरशी, एका कोपऱ्याला तडकलेली.

## त्या सकाळी

पाण्याचा दिवस होता. आई न्हाणीत आणि मागच्या अंगणात पाइप धरून फिरत होती. आजी गोठ्यात धार काढत होती. थोरल्या जावेनं चुलीवर दूध ठेवलं होतं. आठ वर्षांची मुलगी शाळेचं आवरत होती. पोरगं स्वयंपाकघरात डबे काढून बसलं होतं.

पिंप भरायला पुढच्या दारी जाताना आई जावेला म्हणाली, "अक्का, बारक्याला बघा हं जरा." अक्कांनी "हं" म्हटलं. दुधाकडं बघता बघता त्यांना मागच्या दारी आजीचा आवाज आला आणि पोरगं आजीकडं गेलं असेल असं त्यांना वाटलं. आजीच्या मते ते आईकडं होतं. आई तर सांगूनच गेली होती. तीन मोठी माणसं, तिघींचाही हिशेब बरोबर वाटावा असा, आणि त्या दोन-तीन मिनिटांत मुलगा कुणाकडंच नव्हता.

तो दोन पायऱ्या उतरून न्हाणीत गेला. तिथं वीस लिटरची बादली होती, निम्म्याहून थोडी जास्त भरलेली. पाण्यावर लाल प्लॅस्टिकचा मग तरंगत होता. बहुधा तो मग घ्यायला मुलगा वाकला.

अक्का मागं वळल्या ते दूध उतू जाऊन फसफसल्यामुळं. पोरगं दिसेना म्हणून न्हाणीत डोकावल्या, तर बादलीतून दोन पाय वर. आवाज काहीच झाला नव्हता, ना धपकन पडल्याचा, ना रडण्याचा, ना पाणी उडाल्याचा. यावर आजोबा पुढं कित्येक दिवस अडून होते, "पडला आसता तर आवाज आला नसता काय?" नाही येत. तोंड पाण्याखाली गेलेल्या मुलाला ओरडायला हवा नसते. बादली अरुंद, त्यामुळं हातपाय मारायलाही जागा नसते.

## बादली का उलटली नाही

हा प्रश्न मला त्या घरात सगळ्यांनी विचारला, म्हणून तो नीट मांडते. मी टेप घेऊन गेले होते. मुलगा उभा राहिला तर ७५ सेंटीमीटर, वजन साडेनऊ किलो. बादलीची कड जमिनीपासून ३४ सेंटीमीटर, म्हणजे त्याच्या बेंबीच्या जरा खाली. या वयात डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं, म्हणून अंगाचा तोल बेंबीच्या वर, छातीकडं असतो. कडेवर पोट टेकवून मूल आत वाकलं की वरचा भाग खालच्यापेक्षा जड होतो आणि ते डोक्यावर आत जातं. पाय जमिनीवरून सुटले की रेटा द्यायला काही उरत नाही, आणि हातांत स्वतःला उचलण्याएवढी ताकद आलेली नसते.

रिकामी बादली असती तर ती मुलासकट आडवी झाली असती. पण बारा लिटर पाण्याची बादली बारा किलोची, म्हणजे मुलापेक्षा जड. ती जागची हलत नाही. म्हणून भरलेली बादली ही घागर किंवा ताटलीसारखी साधी वस्तू राहत नाही. तळात चार-पाच सेंटीमीटर पाणी असलं तरी नाक-तोंड झाकायला ते पुरतं. "अर्धीच होती की" या बोलण्याला त्यामुळं अर्थ उरत नाही.

शहरात हाच प्रकार बाळाच्या आंघोळीच्या टबात होतो. तिथं मूल पडत नाही, बसलेलं घसरतं. बसायला मिळणारी प्लॅस्टिकची रिंग बाळाला धरून ठेवते असं वाटतं, पण तिचे तळाचे चोषक सुटले की बाळ रिंगीसकट कलंडतं आणि त्या रिंगीतच अडकून राहतं.

## बाहेर काढल्यानंतरची दहा मिनिटं

मुलगा निपचित होता. ओठ निळे, श्वास नाही. अक्कांनी किंचाळून सगळ्यांना गोळा केलं. इथं पहिला खरा निर्णय आला, आणि तो चुकीच्या बाजूला जाता जाता राहिला.

शेजारचे एक म्हातारे गृहस्थ धावत आले आणि म्हणाले, पाय धरून उलटं फिरवा, पोटातलं पाणी निघंल. आजीनं पाय धरलेही. आपल्याकडं ही समजूत खोल आहे. घागरीवर पालथं घालणं, पोट दाबणं, अलीकडं मोबाइलवर फिरणारं मिठात ठेवायचं खूळ, हे सगळं एकाच कल्पनेतून येतं: माणूस पाण्यानं भरलाय, पाणी काढलं की तो उठेल. पण बुडालेल्या माणसाला मारतो तो प्राणवायूचा अभाव. फुप्फुसात गेलेलं पाणी उलटं धरून निघत नाही. पोटातलं निघतं, ते घशात येतं आणि उलट श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि या खटपटीत जाणारा वेळ परत मिळत नाही. श्वास थांबल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. त्यातली दोन-तीन तर बादलीतच गेलेली असतात.

पलीकडच्या घरातली मुलगी बेळगावात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि त्या दिवशी सुट्टीला आली होती. तिनं आजीच्या हातातून मूल काढून घेतलं. न्हाणीच्या फरशीवर उताणं ठेवलं, हनुवटी उचलून मान किंचित मागं केली, तोंडात दिसण्यासारखं काही अडकलंय का ते पाहिलं, आणि आपलं तोंड त्याच्या तोंडावर ठेवून, नाक चिमटीत धरून हळू श्वास दिला. छाती वर येते का ते बघत असे पाच श्वास. काही प्रशिक्षणांत सुरुवातीला दोनच शिकवतात. पण बुडालेल्याच्या बाबतीत आधी श्वास, असंच बहुतेक ठिकाणी शिकवतात. मग छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताचा तळवा ठेवून छाती तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे सुमारे पाच सेंटीमीटर, खाली दाबायची. मिनिटाला १०० ते १२० या गतीनं तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. (वर्षाच्या आतलं बाळ असतं तर तळव्याऐवजी दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठे, खोली चार सेंटीमीटर, आणि मान मागं न झुकवता सरळ.)

दुसऱ्या फेरीत मुलगा खोकला आणि उलटी झाली. तिनं लगेच कुशीवर वळवलं. थोड्या वेळानं तो कण्हत रडला. ती मुलगी मला म्हणाली, "मॅडम, बाहुलीवरच केलं होतं आधी. दाबताना हाड मोडंल म्हणून भ्या वाटत होतं." भीती खोटी नाही. पण ज्याचा श्वास थांबलाय त्याला दाबण्यानं होणारं नुकसान न दाबण्यापेक्षा कमीच असतं.

दुसरा निर्णय वाहनाचा. थोरल्यानं १०८ ला फोन केला होता. गाडी यायला अर्धा तास लागेल असं कळलं. शेजारी ओमनी होती. मुलगा आता स्वतः श्वास घेत होता, म्हणून ओमनीनं निघायचं ठरलं. ओले कपडे काढून चादरीत गुंडाळलं, नर्सिंगवाली मुलगी मागं त्याला कुशीवर धरून बसली, श्वासावर नजर ठेवून. हे बरोबर झालं. पण श्वास सुरू नसताना गाडीत घालून पळणं चुकीचं ठरलं असतं. चालत्या गाडीत मांडीवर धरून छाती दाबणं जमत नाही. तेव्हा जागेवरच, आळीपाळीनं, मदत येईपर्यंत चालू ठेवावं लागतं.

तालुक्याच्या दवाखान्यात बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायू ८८ टक्के आला. प्राणवायू लावून बेळगावला पाठवलं. तिथं दोन दिवस ठेवून घेतलं. छातीत घरघर होती, ती ओसरली. इथं एक गोष्ट नमूद करते, कारण पुढं शेजारच्या गावात मी उलटं झालेलं पाहिलं. मूल रडायला लागलं म्हणजे धोका टळला असं समजून घरीच ठेवलं जातं. पाण्याखाली जाऊन आलेल्या ज्या मुलाला खोकला, धाप, गुंगी किंवा उलटी आहे, किंवा ज्याला श्वास द्यावा लागला, त्याला दवाखान्यात न्यायलाच हवं, कारण फुप्फुसाची सूज काही तासांनीही वाढते. निदान सहा ते आठ तास तरी डॉक्टरांच्या नजरेखाली.

## अडचण नेमकी कुठं होती

मी गेले तेव्हा घरात एकच विषय चालू होता: चूक कुणाची. आई बोलत नव्हती. अक्का तिच्याकडं बघत नव्हत्या. आजोबांचं म्हणणं होतं, "आता डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवू. आणखी काय करायचं?"

मला त्या वाक्याची भीती वाटली. लक्ष त्या दिवशीही होतं. तीन माणसांचं होतं. लक्षाला एक खोड असते: ते ज्या दिवशी सगळ्यात जास्त हवं त्याच दिवशी सगळ्यात पातळ होतं. पाण्याचा दिवस, लग्नघर, जत्रा, कुणाचं दुखणं. म्हणजे जो दिवस धोक्याचा तोच कामाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतली जवळजवळ चौथाई पाच वर्षांच्या आतली होती. त्या मुलांच्या घरांतही माणसं होतीच.

म्हणून मी आजोबांना म्हटलं, आपण चूक शोधायची नाही, पाणी मोजायचं. आठ वर्षांच्या मुलीला वही दिली. तिनं घरभर फिरून मुलाच्या उंचीला पोचणारं सगळं उघडं पाणी लिहून काढलं. सतरा जागा निघाल्या. मोठ्यांनी आधी सांगितल्या होत्या सहा. देवाजवळची पितळी घागर, कोंबड्यांचं पाण्याचं पसरट भांडं, पाय धुवायला दारात ठेवलेली बादली, फरशी पुसायची बादली, यांना कुणी पाणी समजतच नव्हतं.

## कोणते मार्ग तपासले

पहिला मार्ग अर्थातच साठवायचंच नाही. तो एका मिनिटात बाद झाला. पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या घराला हे सांगणं म्हणजे चेष्टा.

दुसरा, मुलाला पाण्याच्या दिवशी दुसरीकडं ठेवायचं. अंगणवाडीत बसवून घेतात ते तीन वर्षांपुढच्यांना. ग्रामपंचायतीचं 'कूसिन मने' पाळणाघर होतं, पण दोन किलोमीटरवर, आणि ते उघडायच्या आधीच नळ येऊन जायचा. शेजारणीकडं ठेवायचं तर तिच्याही घरी तोच नळ. हा मार्ग वाईट नव्हता, वेळेत बसत नव्हता.

उरला तिसरा, पाणी आणि मूल यांच्यामध्ये काहीतरी घट्ट उभं करायचं. आता सतरा ठिकाणी कुंपण घालता येत नाही. म्हणून आम्ही वहीतली यादी तीन वाटांत घातली. जे वापर झाल्यावर ओतून पालथं घालता येतं ते एका वाटेत. पाय धुवायची आणि पुसायची बादली, कपड्यांचा टब यांत आले. ज्याला झाकण बसतं ते दुसऱ्या वाटेत, म्हणजे पिंपं आणि हंडे. ज्याला यांतलं काहीच जमत नाही ते, म्हणजे न्हाणी, संप आणि डोण, अडवायचं.

मी आग्रह धरला तो एकाच गोष्टीचा. जो अडथळा बाईच्या कामात येतो तो आठ दिवस टिकतो. झाकण उचलायला दोन हात लागले, कडी गाठायला टाच उचलावी लागली, तर नवव्या दिवशी ते उघडं दिसणार, आणि त्यात बाईचा दोष नाही. म्हणून प्रत्येक वस्तू ठरवताना ती वापरणाऱ्या सुनांना विचारायचं, आजोबांना नव्हे.

## काय केलं, आणि काय फसलं

न्हाणीपासून सुरुवात केली. दाराचा गंजका खालचा भाग कापून नवा पत्रा मारला. बाहेरून बोल्ट बसवला, जमिनीपासून साडेचार फुटांवर. आधी पाच फुटांवर ठरला होता, पण आजीचा हात पोचेना, मग खाली आणला. दार आपोआप लागावं म्हणून सुताराकडून दाराची स्प्रिंग टाकली. न्हाणी वाळायचा प्रश्न होता, तो वरच्या बाजूला हातभर जाळी कापून सोडवला. हे झालं नसतं तर दार पुन्हा उघडंच राहिलं असतं.

संपाला जास्त वेळ लागला. फरशी बदलून लोखंडी झाकण करावं असं सगळ्यांचं मत. पण पाण्याच्या दिवशी पाइप आत सोडावा लागतो, तेव्हा झाकण उघडंच राहणार, आणि धोक्याचा दिवस तोच. अक्कांनी वाट काढली. झाकणाखाली सळ्यांची जाळी बसवायची, बिजागरीवर, कुलूप लावता येईल अशी, आणि तिच्या एका कोपऱ्यात पाइपापुरतं भोक. झाकण उघडलं, पाइप भोकातून सोडला, जाळी मात्र बंदच. वेल्डरनं दहा मिलीमीटरच्या सळ्या आठ सेंटीमीटर अंतरानं लावून दिल्या. यापेक्षा जास्त अंतर ठेवलं तर लहानग्याचं अंग त्यातून सरकून डोकं अडकू शकतं. लाइट गेली की मोटार बंद आणि मग संपातून बादलीनं पाणी ओढावं लागतं, म्हणून कुलपाची चावी वर खिळ्याला लटकवली. अख्ख्या कामाला बावीसशे रुपये लागले. यादीतलं सगळ्यात महाग हेच.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला अर्धं दार केलं, म्हणजे न्हाणी, संप आणि गोठा तिन्हींकडं जाणारी वाटच अडली. इथं आमची चूक झाली. सुताराकडं आडव्या फळ्या शिल्लक होत्या, त्याच त्यानं ठोकल्या. मीही पाहिलं आणि काही बोलले नाही. मुलगा सतरा महिन्यांचा झाला आणि त्या फळ्यांवर पाय देत शिडीसारखा वर चढला. एका दुपारी आजीला तो वरच्या फळीवर पोट टेकवून पलीकडं लोंबकळताना सापडला. मग सगळ्या फळ्या काढून उभ्या पट्ट्या मारल्या, उंची ऐंशी सेंटीमीटर, पाय ठेवायला कुठंही जागा नाही. ही दुरुस्ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, आणि ती माझी जबाबदारी होती.

पिंपांचंही तसंच. सुरुवातीला लाकडी फळी आणि वर दगड ठेवला. सव्वा-दीड वर्षाचं मूल दगड ढकलतं, आणि फळीवर चढून उभंही राहतं. कपडा बांधणं तर आणखी वाईट, वरून ते झाकलेलं दिसतं आणि भार पडला की आत जातं. शेवटी ज्यांना झाकणावरून लोखंडी कडं आवळता येतं अशी जुनी पिंपं आणली. एक मात्र उघडंच राहिलं, कारण त्याचं कडं गंजलं होतं. ते अर्ध्या दाराच्या पलीकडं हलवलं.

पालथं घालायचा नियम सगळ्यात सोपा वाटला होता आणि तोच सगळ्यात जास्त वेळा मोडला. दुसऱ्या महिन्यात मी न कळवता दुपारी गेले तर अंगणात कपड्यांचा टब साबणाच्या पाण्यानं भरलेला. सकाळी भिजवलेले कपडे संध्याकाळी धुवायचे, ही घरची पद्धत. पालथा कसा घालणार? तेव्हा नियम बदलला: भिजवायचं ते न्हाणीतच, बोल्टच्या आत. तो टब तिथं हलला तसा प्रश्न मिटला. बादल्यांतला मग मात्र त्याच दिवशी काढून खुंटीला टांगला होता, आणि ती सवय आजवर टिकली आहे. पाण्यावर तरंगणारी रंगीत वस्तू हे मुलाला बोलावणंच असतं.

माणसांच्या लक्षाचंही आम्ही काहीतरी केलं, पण अडथळे झाल्यानंतर. "बघा हं जरा" हे वाक्य घरात बंद झालं. मूल ज्याच्याकडं द्यायचं त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "बारका माझ्याकडं." हे शब्द कानावर येईपर्यंत देणाऱ्यानं जायचं नाही. आणि घेणाऱ्यानं त्या वेळेत चूल सांभाळायची नाही. आठ वर्षांच्या मुलीकडं मूल सोपवायचं नाही, हे तिच्या आईनंच सांगितलं. ती बघू शकते, पण बादलीतून नऊ-दहा किलोचं पोर ओढून काढू शकत नाही.

## निष्पत्ती

मुलगा बरा आहे. चालतो, बोलतो, मराठीत रडतो आणि शेजारच्या कन्नड मुलांशी कन्नडमध्ये भांडतो. दवाखान्यातून आल्यावर तीन आणि नऊ महिन्यांनी वाढीची तपासणी झाली, दोन्ही वेळा काही उणं दिसलं नाही. हे सुदैव आहे, पद्धतीचं यश नव्हे. बादलीत तो आणखी दोन मिनिटं राहिला असता तर मी हे वेगळं लिहीत असते.

अडथळ्यांची परीक्षा झाली ती लक्ष्मीच्या जत्रेत. घरी चाळीस पाहुणे. अंगणात भाड्यानं आणलेली मोठी पातेली पाण्यानं भरलेली, पाहुण्या बायकांनी अर्ध्या दाराला दगड लावून ते उघडं ठेवलं. येता-जाता अडचण होते म्हणून. संपाची जाळी आणि न्हाणीचा बोल्ट शाबूत राहिले, कारण त्यांनी कुणाची वाट अडवली नव्हती. घरात फक्त आठ माणसं येत-जात असतील हे गृहीत धरून केलेलं अर्धं दार गर्दीत टिकलं नाही. त्या दिवशी आजोबांनी स्वतःच खांद्यावर पिवळा टॉवेल टाकला आणि जाहीर केलं, टॉवेल ज्याच्या खांद्यावर त्याच्याकडं बारका. अर्ध्या-अर्ध्या तासानं टॉवेल फिरला. ही कल्पना माझी नव्हती.

## पुन्हा करायचं तर

माहेर मी विसरले होते. दिवाळीला आई मुलाला घेऊन निपाणीजवळ माहेरी गेली. तिथं आजोळच्या परसात दगडी हौद, कड मुलाच्या कमरेएवढी, झाकण नाही. सासरचे सगळे बोल्ट तिथं कामाचे नव्हते. तिनं फोन केला तेव्हा तिच्या भावानं हौदावर खाटेची लोखंडी चौकट ठेवून तारेनं बांधली होती. तात्पुरतं म्हणून चाललं. पण मूल वर्षातून कुठल्या कुठल्या घरी राहतं ही यादी पहिल्याच भेटीत करायला हवी होती. बेळगावातल्या मामाच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला आतूनच कडी आहे, बाहेरून नाही. तिथं बाहेरून दोनशे रुपयांचा बोल्ट पुरतो.

श्वास द्यायला शिकवणं मी शेवटी ठेवलं होतं, आधी पाणी अडवू म्हणून. तो क्रम मी बदलीन. त्या गावात ते येणारी एकच मुलगी होती, आणि तीही सुट्टीला आली होती म्हणून त्या दिवशी तिथं होती. आता दोन्ही सुना आणि थोरला भाऊ बाहुलीवर शिकलेत. आजी शिकल्या नाहीत, पण पाय धरून उलटं करायचं नाही हे त्या आता इतरांना रागावून सांगतात.

गेल्या भेटीत मुलगा अडीच वर्षांचा होता. मी चहा घेत असताना तो स्वयंपाकघरातलं स्टूल न्हाणीच्या दारापर्यंत ओढत घेऊन गेला, त्यावर चढला आणि बोल्टला बोटं लावली. सरकवता आला नाही, जोर कमी पडला. आईनं काही न बोलता त्याला उतरवलं, स्टूल उचलून माळ्यावर टाकलं आणि मला म्हणाली, "मॅडम, आता वरच्या अंगाला आणखी एक बसवूया काय?" सुताराला फोन तिनंच केला.